'ती' तातडीने बुजवण्यात यावी

अहवाल लिहायला बसलात का? मग आधी मागच्या परिच्छेदात जमतील तेवढी नामं कोंबून घ्या आणि नवा परिच्छेद 'ती', 'हे', 'यामुळे' किंवा 'सदर' यांपैकी कशानं तरी सुरू करा. नाव घेऊन बोलणारा माणूस आपल्याकडं उद्धट समजतात. शिवाय 'कोणती ती?' असं कुणी विचारलंच, तर 'मागच्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलंय' म्हणायला आपण मोकळे.

मी स्वतः हे तंत्र मराठवाड्यातल्या एका तालुक्यात यशस्वीपणे वापरलं आहे. कार्यालय कोणतं ते सांगत नाही, कारण माझ्या पेन्शनचे कागद अजून तिथंच अडकलेत. टंचाईचे दिवस होते. गावात एक निजामकालीन बारव आणि तिच्यापासून 40 फुटांवर एक फेल गेलेला बोअर. मी लिहिलं:

'गावाच्या उत्तरेस जुनी बारव असून तिचे कठडे ढासळले आहेत. बारवेच्या पूर्वेस 40 फुटांवर विंधन विहीर असून ती निकामी आहे व तिचे तोंड उघडे आहे. बारवेत सध्या 6 फूट पाणी असून गावाची गरज तीच भागवते.'

आणि पुढचा परिच्छेद, एका वाक्याचा:

'ती लहान मुलांसाठी धोकादायक असल्याने तातडीने बुजवण्यात यावी.'

माझ्या डोळ्यांपुढं बोअर होता. उघड्या बोअरमध्ये लेकरं पडतात, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये निकामी बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोटे टाकून बुजवायला सांगितलं, हेही मला पाठ होतं. पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढं शेवटचं वाक्य होतं, आणि शेवटच्या वाक्यात होती बारव. तिचे कठडेही ढासळलेले, म्हणजे धोकादायकही तीच.

इथं एक गंमत बघा. गावात कुणी विंधन विहीर म्हणत नाही. 'बोअर मारला, बोअर फेल गेला' म्हणतात. मी 'बोअर' लिहिलं असतं तर 'तो बुजवावा' असं आपोआप आलं असतं आणि बारव वाचली असती. कार्यालयीन शब्दानं बोअरला बाई केलं, आणि दोन्ही बाया एका 'ती'त बसल्या.

मराठीत लिंग असतं, त्यामुळं इतका घोटाळा होत नाही, असं कुणी शहाणा सांगेल. त्याला विचारा, 'ती' म्हणजे एक बारव की दहा गावं? 'ते' म्हणजे एक शेततळं, चार पाझर तलाव की साक्षात साहेब? एका अहवालात मी स्वतः वाचलंय. परिच्छेदाचा शेवट, 'मा. उपअभियंता साहेबांनी शेततळ्याची पाहणी केली.' पुढच्याची सुरुवात, 'ते पाहणीच्या वेळी काठोकाठ भरलेले होते.' व्याकरणात तसूभर चूक काढून दाखवा. आणि 'त्याचे' म्हटलं की तलाव आणि तळं यांच्यातला भेदही मिटतो.

माझं 'ती' पुढं कसं गेलं ते ऐका. वरच्या टेबलावर टिप्पणी तयार करताना एका कामसू कारकुनानं शिफारशीचा परिच्छेद तेवढा उतरवून घेतला. तशीच पद्धत आहे, अख्खा अहवाल कोण वाचतो? आता 'ती'च्या मागं काहीच उरलं नाही, नुसतीच 'ती'. अंदाजपत्रक करणाऱ्यानं विषय वाचला, 'बारव परिसर पाहणी', आणि 30 फूट लांब, 30 फूट रुंद, 40 फूट खोल असा हिशोब धरून 360 ब्रास मुरूम काढला.

साडेसहा इंची, 300 फूट खोल बोअरला किती मुरूम लागतो माहितीय? जेमतेम 70 घनफूट, म्हणजे एक ब्रासही नाही. 360चा आकडा बघून कुणाच्या तरी भुवया उंचावायला हव्या होत्या. पण मोठ्या आकड्यानं आपल्याकडं भुवई उंचावत नाही, सही होते.

जेसीबी बारवेच्या काठाला आला तेव्हा सरपंचबाई पदर खोचून आडव्या उभ्या राहिल्या. "कोन्ती बुजवायलाव सायेब?" मी म्हणालो, "ती." त्या म्हणाल्या, "ती म्हंजी कोन्ती?" असा प्रश्न त्या अहवालाच्या सहा टेबलांच्या प्रवासात पहिल्यांदाच कुणी विचारला होता.

तुम्ही मात्र असला प्रश्न लिहितानाच स्वतःला विचारू नका. काही लोक प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य तेवढं कागदावर वेगळं काढतात आणि गावाशी संबंध नसलेल्या माणसाला वाचायला देतात. त्यानं 'कोणती?' विचारलं की सर्वनामाच्या जागी नाव घालतात: 'बारवेच्या पूर्वेची निकामी विंधन विहीर लहान मुलांसाठी धोकादायक आहे, ती तातडीने बुजवावी.' या वाक्यातही 'ती' आहे, पण तिचं नाव त्याच वाक्यात दोन पावलं आधी बसलेलं आहे. त्यामुळं परिच्छेद फाडून नेला, पान उलटलं, मध्ये कुणी नवा परिच्छेद घुसवला, तरी ती हलत नाही. किती रूक्ष लिखाण!

'सदर' लिहून सुटका होते असं वाटत असेल तर जरूर लिहा. 'सदर विहीर' म्हणजे तीच 'ती', फक्त इस्त्री केलेली. दोन विहिरी असल्या की सदरही दोघींची.

सगळ्यात जपून ठेवण्यासारखं सर्वनाम म्हणजे 'यामुळे'. समजा मागच्या परिच्छेदात मोटार जळाली, वीजबिल थकल्यानं जोडणी तोडली आणि टँकरच्या खेपा चुकल्या, असं तिन्ही लिहिलंय. आता नवा परिच्छेद टाका: 'यामुळे तांड्यावर 9 दिवस पाणी पोहोचले नाही.' कशामुळं? त्या जागी नाव घालायला जाल तर पंचाईत होईल. 'जोडणी तोडल्यामुळे' लिहावं तर बिल कुणी थकवलं ते आलं. 'खेपा चुकल्यामुळे' लिहावं तर ठेकेदार आला. आणि कधीकधी लिहिणाऱ्यालाच कळतं की आपण कारण ठरवलेलंच नव्हतं. 'यामुळे'च्या आडोशाला बसून होतो. परत गावात जाऊन विचारावं लागेल, लॉगबुक बघावं लागेल. एवढा उन्हातान्हाचा व्याप एका शब्दापायी कोण करणार?

मला नंतर नोटीस आली: 'सदर बाब गंभीर असून त्याबाबत 3 दिवसांत खुलासा करावा.' कोणती बाब ते लिहिलेलं नव्हतं. मीही जातिवंत उत्तर दिलं: 'ते मान्य आहे. यापुढे तसे होणार नाही.' समाधानकारक, असा शेरा मारून फाईल बंद झाली. 'ती' बुजवण्याचं कामही त्याच फाईलबरोबर बंद झालं.

बोअरच्या तोंडावर सध्या सरपंचबाईंनी फुटक्या जात्याची तळी ठेवलीय.