गुलाबी थर आठ दिवसांत परत का येतो? एका प्रतिक्रियेला उत्तर

"तुमचा लेख वाचून शॉवरच्या पडद्यावर ब्लीच फवारलं आणि धुऊन टाकलं. आठ दिवसांत गुलाबी बुळबुळीत थर परत हजर. काळे ठिपके तर जागचे हललेसुद्धा नाहीत. त्यापेक्षा व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून लावणं सोपं आणि बिनविषारी. लोकांना उगाच ब्लीच वापरायला का सांगता?"

नमस्कार. तुमची तक्रार रास्त आहे, पण खोट ब्लीचमध्ये नाही. ते कशावर पडलं आणि किती वेळ टिकलं, यात आहे.

तो गुलाबी थर बुरशीचा नसतो, जिवाणूंचा असतो. सेराशिया मार्सेसेन्स हा त्यातला सर्वांत परिचित, पण गुलाबी रंगाचे इतरही जिवाणू शॉवरच्या पडद्यावर राहतात. साबणाचे अवशेष आणि अंगावरचा तेलकटपणा हे त्यांचं खाद्य. स्वतःभोवती ते चिकट आवरण तयार करतात, हाताला बुळबुळीत लागतं ते हेच. ब्लीच या आवरणावर आणि साबणाच्या थरावर पडलं की त्याची ताकद तिथेच खर्च होते आणि आतले जिवाणू वाचतात. शिवाय टांगलेल्या पडद्यावर फवारलेलं ब्लीच लगेच ओघळून जातं. जंतू मरायला पृष्ठभाग किमान दहा मिनिटं ओला राहायला हवा, आणि उभ्या प्लॅस्टिकवर तेवढा वेळ काहीच टिकत नाही.

म्हणून पडदा काढायचा. हुकांसकट. मोठ्या टबात चार लिटर कोमट पाणी आणि दोन मोठे चमचे भांडी घासायचं लिक्विड घालून पडदा १५ मिनिटं भिजू द्या. मग तो सपाट जमिनीवर पसरून मऊ स्पंजने दोन्ही बाजूंनी घासा. तारेची किंवा खरखरीत घासणी नको. तिने चरे पडतात आणि पुढचा थर त्यातच धरतो. पाणीही कोमटच हवं. जास्त गरम पाण्याने मऊ प्लॅस्टिकला कायमच्या घड्या पडतात आणि घडीत पाणी साचतं. पूर्ण धुऊन ओल्या पडद्यावर बोट फिरवून पाहा. बोट सरकत असेल तर थर अजून आहे, पुन्हा घासा. बोट अडखळायला लागलं की ब्लीचची वेळ आली.

पाच टक्क्यांचं साधं, बिनसुगंधी ब्लीच घ्या. एक लिटर गार पाण्याला ६० मिली, म्हणजे पाच लिटरला ३०० मिली. पडदा पूर्ण बुडवून दहा ते पंधरा मिनिटं ठेवा, मध्ये एकदा उलटा करा, मग भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि मिश्रण त्याच वेळी बनवा, कारण पातळ केलेल्या ब्लीचची ताकद लवकर उतरते. रंगीत पडद्याच्या कोपऱ्यावर आधी एक थेंब टाकून पाहा. वरच्या छिद्रांना धातूच्या कड्या असतील तर ती कड टबाबाहेर ठेवा आणि ब्लीचच्या कपड्याने फक्त प्लॅस्टिक पुसा.

आता व्हिनेगर आणि सोडा. १०० मिली व्हिनेगरमधलं आम्ल संपवायला सुमारे सात ग्रॅम, म्हणजे साधारण दीड छोटा चमचा खायचा सोडा पुरतो. फेस दिसतो तो कार्बन डायऑक्साइडचा. फेस बसल्यावर उरतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी. ते ना क्षार विरघळवतं ना जंतू मारतं. त्या पद्धतीत जे निघतं ते तुमच्या हाताच्या घासण्याने निघतं. व्हिनेगर एकटं मात्र उपयोगी आहे. वाळलेल्या पडद्यावर नखाला पांढरट, खरखरीत थर लागत असेल तर तो जड पाण्यातल्या क्षारांचा आणि साबणाचा. निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर लावून २० मिनिटं ठेवलं की तो सैल होतो. पण व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो, आणि तो फुप्फुसांना घातक आहे. त्यामुळे व्हिनेगर आज आणि ब्लीच उद्या, मध्ये पडदा स्वच्छ धुतलेला, हाच क्रम मी सांगेन.

आठ दिवसांत थर का परतला, हे तो पहिल्यांदा कुठे दिसला त्यावरून कळतं. वरच्या छिद्रांभोवती गुलाबी कडं दिसलं तर उगम हुकांत आहे. मण्यांचे हुक असतील तर प्रत्येक मण्याच्या आत, चापाचे असतील तर बिजागरीत थर दडलेला असतो. रॉडवर लटकत्या हुकांना पुसून तो निघत नाही. हुक साबणाच्या पाण्यात टाकून दात घासायच्या जुन्या ब्रशने मणी फिरवत घासा. प्लॅस्टिकचे हुक मग पडद्याबरोबर ब्लीचमध्ये टाकता येतात. धातूचे टाकू नका. ब्लीचने मुलामा जातो, गंज धरतो, आणि स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडतात. पूर्ण धातूचे असतील तर पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा आणि लगेच पुसून कोरडे करा. धातूच्या हुकांवर प्लॅस्टिकचे मणी असतील तर उकळू नका. घासून झाल्यावर तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये दहा मिनिटं ठेवा. पडद्यावर छिद्राजवळ तांबूस डाग असेल तर तो गंज. त्याला ब्लीच लावू नका, व्हिनेगर लावा.

पहिली गुलाबी रेघ खाली, दुमडीच्या शिवणीलगत दिसली तर पाणी दुमडीच्या आत साचतंय. ती दाबून पाहा, पाणी किंवा चिकट द्रव बाहेर येईल. दुमड आतून घासता येत नाही. अशा वेळी शिवणीच्या थोडं वरून ती सरळ कापून टाकावी, हे माझं स्पष्ट मत. प्लॅस्टिकचे धागे सुटत नाहीत. फक्त खालचं वजन गेल्यामुळे अंघोळ करताना पडदा अंगाकडे थोडा ओढला जाईल.

काळे ठिपके ही खरी बुरशी. मऊ पीव्हीसीच्या पडद्यात लवचीकपणासाठी जे द्रव्य मिसळतात, त्यावर काही बुरश्या जगू शकतात, आणि त्यांचा रंग प्लॅस्टिकच्या आत मुरतो. बुरशी मेल्यावरही तो डाग राहतो. पडदा वाळल्यावर ठिपका सपाट, गुळगुळीत असेल आणि त्याभोवती पेनाने काढलेल्या रेघेच्या बाहेर दोन आठवड्यांत गेला नाही, तर तो निव्वळ डाग आहे. त्यावर आणखी कडक ब्लीच ओतून प्लॅस्टिक ठिसूळ करण्यात अर्थ नाही. ठिपका रेघ ओलांडत असेल तर घासणं आणि भिजवणं पुन्हा करा.

हे सगळं करूनही जिवाणू हवेतून आणि पाण्यातून येतच राहतात. त्यांना थर करायला ओलावा लागतो, म्हणून अंघोळ झाल्यावर पडदा गोळा न करता पूर्ण पसरून ठेवा आणि खालची वीतभर कड कपड्याने पुसा. घरात कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल किंवा कुणी कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल, तर गुलाबी छटा दिसताच धुवा, कारण सेराशियामुळे डोळ्यांना आणि जखमांना संसर्ग होऊ शकतो.

आणि नवा पडदा घ्यायचं ठरवलंत, तर तो टांगण्याआधी जुने हुक वर सांगितल्याप्रमाणे साफ करा किंवा हुकही नवे घ्या. रॉडची खालची बाजूही पुसा, तिथे नजर जात नाही.