ताईसाठी लिहिलेली प्रार्थना

आज सकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ताईने एवढंच लिहिलं, "बाबांच्या माकडहाडापाशी लाल दिसतंय." पाठोपाठ हात जोडलेली चित्रं आली. "केवढं पुण्य कमावते आहेस", "भाग्य लागतं गं अशा सेवेला", आणि एकीने पुंडलिकाची गोष्ट टाकली. केवढं लाल आहे, कातडी फाटलीय का, एकानेही विचारलं नाही. संताप संताप झाला माझा.

ताई म्हणजे माझी मावसबहीण, वर्तकनगरला राहते. पक्षाघातानंतर काका अंथरुणाला खिळले, त्याला कित्येक महिने झाले. दिवसा ब्युरोची मावशी असते. रात्री ताई एकटी. दर दोन तासांनी गजर लावून उठायचं आणि कूस बदलायची. पूर्ण कुशीवर करायचं नाही, खुब्याच्या हाडावर भार येतो. पाठीमागे उशी लावून तीसेक अंश कलतं ठेवायचं. पोटऱ्यांखाली उशी द्यायची, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. हवेची गादी आहे, पण गादीमुळे कूस बदलणं सुटत नाही.

ते लाल कशाने झालं असणार, हे मी एक रात्र तिथे राहिले तेव्हाच पाहिलंय. उशाशी उंच केलेला माणूस हळूहळू खाली घसरतो, त्याला परत वर घ्यावं लागतं. दोघं असली की अंगाखालची आडवी चादर दोन्हीकडून धरून उचलतात. ताई एकटी होती तेव्हा काखेत हात घालून ओढत होती. ओढलं की कातडी गादीला धरून राहते, हाड पुढे सरकतं आणि मधलं मांस ताणलं जातं. जखम आतून सुरू होते ती अशी. यात हयगय कुठली? दुसरा माणूस नाही, एवढंच. आणि त्या दुसऱ्या माणसाच्या जागी आपण पुण्य पाठवतो!

पुंडलिक टाकणाऱ्या आत्यांचे स्वतःचे गुडघे गेलेत, त्या रात्री येऊ शकत नाहीत. मान्य. पण त्या गोष्टीत देव पुंडलिकाला सेवेचं महत्त्व समजावत बसला नव्हता. गप्प थांबला होता.

मी तिथे राहिले त्याच रात्री चारच्या गजराला ताई मला म्हणाली होती, "सुटले तर बरं होईल गं. ते आणि मीही." आणि लगेच स्वतःच्या गालांवर चापट्या मारून घेतल्या. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. देवळाच्या पायरीवर टेकून आपण सगळेच अनायास मरण मागतो ना? स्वतःसाठी मागितलं तर ती भक्ती. बापासाठी मनात आलं की पाप?

म्हणून आज ऐरोलीहून ठाण्याला येताना लोकलमध्येच तिच्यासाठी लिहिलं:

"विठ्ठला, उभं राहून पाय कसे भरून येतात हे तुला वेगळं सांगायला नको.
मला सहनशक्ती देऊ नकोस, ती आहे. मला सलग चार तास झोप दे.
चादरीचं दुसरं टोक धरायला कुणाला तरी पाठव.
बाबांच्या पाठीवरचं लाल, बोट दाबून उचललं की पांढरं होऊ दे.
मी त्यांच्यावर खेकसले असेन, तर ते त्यांच्या कानापर्यंत पोचू देऊ नकोस.
हे संपावं असं मनात येतं. ते तुझ्यापाशी ठेवते. त्याचा हिशेब मांडू नकोस.
आणि मला कुणी थोर म्हणू नये, एवढं बघ."

प्रार्थनेने डायपर बदलला जात नाही, ठाऊक आहे मला. पण मागायचंच तर तिला जे हवंय ते मागावं.

बोट दाबण्याचं लिहिलं, कारण तीच पहिली परीक्षा. दाबून सोडल्यावर पांढरं पडून पुन्हा लाल झालं, तर तिथला रक्तपुरवठा शाबूत आहे. भार काढला की उतरतं. लालच राहिलं, तर जखमेची पहिली पायरी सुरू झाली. काकांसारख्या सावळ्या अंगावर हे नीट दिसत नाही, मग हात लावून आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागतं का ते पाहायचं. आणि तिथे तेल चोळायचं नाही! ग्रुपवर तोही सल्ला आलाच होता.

दुपारी ताईचा फोन आला. बराच वेळ रडत होती, मीही काही बोलले नाही. मग म्हणाली, "दाबून बघितलं, पांढरं होतंय अजून. कडकही लागत नाही." संध्याकाळी नर्सला दाखवणार आहे, आणि तोवर काकांना पाठीवर ठेवायचं नाही, फक्त डावी-उजवी.

शनिवारची रात्र मी घेतली आहे. ठाण्यात राहणाऱ्या नातलगांना ग्रुपवर न विचारता एकेकाला फोन केले. भाचा मंगळवारी येतो म्हणालाय, त्याला चादर कशी धरायची ते मी दाखवणार आहे. बाकीच्या रात्रींना अजून कुणी नाही. वर्तकनगरच्या जवळ राहणाऱ्या ओळखीच्यांनी मला मेसेज करा.