मापात पाप नको

आमच्या घरात माझ्या लघवी गळण्यावरून तीन पक्ष पडले आहेत. नणंदबाई ऑपरेशनच्या पक्षात. त्यांची स्वतःची, लघवीच्या नळीला खालून आधार देणारी पट्टी टाकून झाली आहे आणि तेव्हापासून त्या लग्नांत खुशाल नाचतात. हे गोळीच्या पक्षात, कारण ह्यांच्या मते ज्या आजारावर गोळी नाही तो आजारच नव्हे. शेजारच्या काकू व्यायामाच्या पक्षात. त्या रोज सकाळी अंबाझरीला जातात आणि येताना दुसऱ्यांच्या दुखण्यावरचे उपाय घेऊन येतात. नागपुरात अधिवेशन डिसेंबरात भरतं म्हणतात, आमच्याकडे ते बारमाही चालू होतं. बोलायची परवानगी नव्हती ती फक्त मला.

तर माझं म्हणणं असं. वय छप्पन्न. दोन बाळंतपणं, पाळी जाऊन काही वर्षं झालेली. खोकलं की थोडं जातं, शिंकलं की थोडं जातं, आणि सावजी मसाल्याची फोडणी दिली की दोन्ही एकदम. हे एक. दुसरं म्हणजे बाजारातून येताना सगळं ठीक असतं, पण घराचं कुलूप दिसलं की आत कुणीतरी धावपळ सुरू करतं. पिशवी एका हातात, किल्ली दुसऱ्या हातात, आणि किल्ली भोकात जाईपर्यंत इकडे जायचं ते जाऊन मोकळं. धंतोलीच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ह्याला मिश्र गळती म्हणतात. पहिल्यात खालचे स्नायू सैल झालेत, पोटावर दाब आला की ते तग धरत नाहीत. दुसऱ्यात मूत्राशय तुम्हाला न विचारता स्वतःच आकुंचन पावतं."

"मग ऑपरेशन?" मी नणंदबाईंच्या वतीने विचारलं.

"ऑपरेशन पहिल्याचं असतं. त्याने दुसरं जाईलच असं नाही, कधी कधी वाढतंही. गोळी दुसऱ्यासाठी असते, शिंकेवर तिचा काही उपयोग नाही. व्यायाम दोन्हीला लागतो, पण त्याला तीन महिने द्यावे लागतात. आता तुमच्यात जोर कुणाचा आहे ते आधी बघू." मग त्यांनी लघवी तपासायला पाठवली, जंतुसंसर्ग आणि साखर नाही ना हे बघायला, आणि हातात एक कागद दिला. तीन दिवस भरून आणायचा.

हे बाहेर आल्यावर म्हणाले, "आजार लघवीचा अन् उपचार निबंधाचा? काय करून राहिले बाप्पा हे लोक!"

कागदाला रकाने होते. किती वाजता काय प्यायलं आणि किती. किती वाजता लघवी केली आणि किती मिली. घाई कितपत होती. गळलं का, थेंब की कपडा ओला, आणि तेव्हा काय चाललं होतं. झोपायची आणि उठायची वेळही लिहायची. दिवस नेहमीसारखेच हवेत आणि त्यात एक तरी बाहेर जाण्याचा असावा, घरात बसून सज्जनपणे भरलेला कागद कामाचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

मिली मोजायचे तर माप हवं. इतवारीतून एक प्लास्टिकचं मापाचं भांडं आणलं, पन्नास-पन्नासच्या रेघा असलेलं. पुसून संडासात ठेवलं. संध्याकाळी बघते तर ते ओट्यावर उपडं वाळत घातलेलं. मोलकरणीने चांगलं घासून ठेवलं होतं, वर म्हणाली, "ताई, हे छान हाय, वरणाच्या पाण्याला होईल." मी नेलपॉलिशने त्यावर मोठी लाल फुली काढली. फुली बघून ह्यांना वाटलं, आता हे औषधाचं माप आहे, म्हणून ते कपाटात कफ सिरपच्या शेजारी सुखरूप ठेवून आले. शेवटी भांड्याला दोरी बांधून संडासातल्या खिळ्याला टांगलं, तेव्हा कुठे पहिला आकडा कागदावर उतरला.

तो आकडा साडेतीनशेचा होता. सकाळी उठल्या उठल्या, रात्रभर साठलेली. आणि त्यानंतर दिवसभरात जे आकडे उतरले ते एकशेवीस, दीडशे, कधी शंभरच. कारण मी जाऊन ठेवणारी बाई आहे. बाहेर निघायचं म्हणून जाऊन ठेवते, पाहुणे येतील म्हणून जाऊन ठेवते, मालिका सुरू व्हायच्या आधी जाऊन ठेवते. रात्री मात्र एकदाच उठले, तेही डासांमुळे. डॉक्टरीणबाई कागद बघून म्हणाल्या, "बघा, साडेतीनशे धरून ठेवायची ताकद तुमच्यात आहे. मूत्राशय लहान नाहीये. दिवसा शंभरावरच रिकामं करून करून त्याला शंभरावरच बोंबलायची सवय लागलीय."

प्यायचा रकाना आणखी मजेशीर निघाला. गळेल या भीतीने मी पाणी कमी केलं होतं. दिवसभरात जेमतेम लिटरभर, आणि त्यातला अर्धा चहा. मे महिन्यातलं नागपूर, कूलर पंचेचाळीसच्या उन्हाशी भांडतोय, आणि मी पाण्याचा ग्लास बघून तोंड फिरवणारी. "पाणी कमी प्यायलं की लघवी घट्ट होते, मूत्राशयाला टोचते आणि घाई वाढते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पाणी वाढवा आणि चहा कमी करा, हा आदेश. नागपुरी माणसाला पाणी वाढवा सांगणं सोपं आहे, चहा कमी करा सांगणं म्हणजे त्याच्या घराण्याचाच अपमान. तरी केला.

पण ह्या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची ओळ कुठली होती तर दुसऱ्या दिवशी दुपारची, जी मी लिहू की नको करत होते. फोडणी दिली, ठसका लागला, खोकले. त्या क्षणी काहीच झालं नाही. मी मनातल्या मनात गणपतीचे आभार मानले. मग तीन-चार सेकंदांनी एकदम घाई आली, आणि आली ती थांबेना, साडी ओली झाली. कागदावर खोकल्याच्या रकान्यात 'थोड्या वेळाने, पुष्कळ' असं लिहिलं.

डॉक्टरीणबाईंनी तिथे बोट ठेवलं. "खोकल्याबरोबर तेवढ्यापुरतं गेलं, खोकला थांबला की थांबलं, तर तो स्नायूंचा सैलपणा. खोकला होऊन गेल्यावर, जरा थांबून, मोठी धार लागली आणि आवरता आवरेना, तर खोकल्याने मूत्राशयालाच डिवचलं. वरून दोन्ही सारखेच दिसतात. लोक दोन्हीला 'खोकल्यावर गळतं' म्हणतात. पण आतलं कारण वेगळं, म्हणून उपायही वेगळा."

म्हणजे नणंदबाईंच्या पट्टीने माझा हा ठसका थांबला नसताच. मग डॉक्टरीणबाईंनी भरल्या मूत्राशयाने खोकायला लावलं आणि स्वतः बघितलं. (तपासणीच्या टेबलावर कुणीतरी 'जोरात खोका' म्हणावं आणि आपण तिथेच शालीनपणे 'खुक' करावं, हा प्रसंग शत्रूवरही येऊ नये.) थेंब पडले, पण थेंबच. एकूण हिशोब असा लागला की माझ्या गळण्यात शिंकेचे थेंब होते, पण ज्यामुळे कपडे बदलावे लागतात, बाहेर जायची भीती वाटते, ती घाईचीच गळती. ऑपरेशन बाजूला पडलं. पुढे कधी त्याचा विचार करायची वेळ आलीच, तर आधी नळी घालून मूत्राशयाचा दाब मोजायची चाचणी करू, असं ठरलं.

नणंदबाईंना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वैनी, खरं सांगू? शिंक तर बंद झाली गं. पण दार उघडताना अजूनही मी पळतेच." हे त्यांनी लग्नात नाचताना कधी सांगितलं नव्हतं.

व्यायाम सोपा वाटतो आणि तिथेच गफलत होते. गॅस आणि लघवी एकाच वेळी अडवायची असल्यासारखं आत, वर ओढायचं, थोडं धरायचं, मग तितकाच वेळ पूर्ण सोडायचं. एका वेळी आठदा, दिवसातून तीन वेळा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा श्वास रोखला, पोट आत घेतलं, ढुंगण आवळलं, चेहरा लाल केला. डॉक्टरीणबाईंनी हात लावून तपासलं आणि म्हणाल्या, "तुम्ही वर ओढण्याऐवजी खाली ढकलताय." अशा कित्येक बायका घरी महिनोन्‌महिने उलटाच व्यायाम करतात, म्हणून एकदा तपासून घ्यायचंच. शिंक येतेयसं वाटलं की आधी तेवढं आवळायचं आणि मग शिंकायचं. काकूंनी मात्र हेच लघवी करताना मध्ये थांबवून करायला सांगितलं होतं. तशी सवय लावू नये, मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

कुलपाचा उपाय तर भारीच आहे. घाई आली की पळायचं नाही. उभं राहायचं, पटपट चार-पाचदा आवळायचं, लाट ओसरू द्यायची आणि मग शांतपणे दार उघडायचं. तर मी दारासमोर पिशवी घेऊन निश्चल उभी, आणि काकू जिन्यावरून, "काहून गं, किल्ली हरवली का?" मी नुसती मान हलवली. त्या क्षणी तोंडाने बोलणं परवडणारं नव्हतं. बाकी दिवसा जाण्याच्या मधलं अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत न्यायचं, किमान दीड महिना.

गोळीच्या पक्षाने अजून शस्त्रं खाली ठेवली नव्हती. जुलैत अमरावतीला ह्यांच्या पुतणीचं लग्न. ह्यांनी डॉक्टरीणबाईंनाच विचारलं, "तेवढ्या दिवसापुरती एक गोळी द्या ना, सकाळी घेतली की संपलं."

"ही डोकेदुखीची गोळी नाही. तिचा परिणाम दिसायला चारेक आठवडे लागतात," त्या म्हणाल्या. "एका जातीच्या गोळीने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते. दुसऱ्या जातीत ते कमी, पण रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं, आणि यांचा रक्तदाब आधीच वरच्या बाजूला आहे. आधी कागद पुन्हा भरून आणा, मग ठरवू."

लग्नाच्या आधी पुन्हा तीन दिवस भांडं खिळ्यावरून उतरलं. दिवसाचे आकडे आता दोनशेच्या वर जायला लागले होते, ठसक्याची ओळ रिकामी होती, कुलपाशी एकदाच ओलं झालं होतं आणि तेही मी फोनवर बोलत असताना. शिंकेचे थेंब तिथेच होते, त्यांना तीन महिने अजून झालेले नव्हते. गोळी सध्या नको, असं आम्ही दोघींनी ठरवलं. अमरावतीच्या गाडीत मी कडेची जागा धरली, पर्समध्ये एक जास्तीचा परकर ठेवला, आणि निघायच्या आधी जाऊन ठेवायची इच्छा अनावर झाली तरी गेले नाही. हे मात्र तीनदा जाऊन आले.