गोळ्यांना ऊन नाही, कूलर बाधतो

मागच्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या गावातले एक काकाजी माझ्या औषधाच्या दुकानात आले. काउंटरवर प्लास्टिकची एक डबी ठेवली आणि म्हणाले, "भाऊ, या गोळ्यायले कायचा वास येऊन राह्यला पाय बरं."

झाकण उघडलं आणि नाकात सिरक्याचा वास गेला. जुनं लोणचं उघडल्यासारखा. आत ॲस्पिरिनच्या पांढऱ्या गोळ्या होत्या, ७५ मिलिग्रॅमच्या, पाण्यात विरघळणाऱ्या. काही गोळ्यांच्या कडांवर बारीक चमकणाऱ्या सुया उगवल्या होत्या. एक गोळी चिमटीत धरली तर तिचा चुरा झाला. काकाजींची अँजिओप्लास्टी होऊन वर्ष व्हायचं होतं. हृदयात स्टेंट, आणि तो मोकळा राहावा म्हणून चाललेली गोळी या अवस्थेत!

एक्स्पायरी विचारली तर त्यांनी खिशातून पट्टीचा रिकामा तुकडा काढून दाखवला. अजून सव्वा वर्ष बाकी होतं. म्हणजे गोळी जुनी नव्हती, बनावटही नव्हती. मुलीनं नागपूरहून तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम पाठवल्या होत्या. काकाजींच्या थरथरत्या हातांनी पट्टी फुटत नाही, म्हणून काकूंनी एका दुपारी बसून सगळ्या गोळ्या सोलून डबीत भरल्या होत्या. डबी खिडकीतल्या फळीवर, कूलरच्या बाजूला.

आमच्याकडे सगळ्यांची समजूत अशी की औषध खराब होतं ते उन्हानं. आणि ओल म्हणजे पावसाळा, मे महिन्यात कुठली ओल? माझ्या दुकानात तापमान आणि आर्द्रता दाखवणारं एक छोटं मीटर आहे. मला राहवलं नाही, संध्याकाळी ते घेऊन काकाजींच्या घरी गेलो. अंगणात सावलीत ४३ अंश आणि हवेत आर्द्रता १८ टक्के. त्या फळीवर २८ अंश आणि ६७ टक्के. बाहेर वैशाख, आत श्रावण! कूलर हवा गार करतो तो तिच्यात पाणी मिसळूनच. दारं-खिडक्या लावून तो चालवला की पडदे, वर्तमानपत्र, पापड सगळं सादळतं. सोललेली गोळीही सादळते, फक्त ती पापडासारखी हाताला कळत नाही.

ॲस्पिरिन हे सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसिटिक आम्ल यांच्या जोडणीतून झालेलं औषध आहे. ओल मिळाली की ती जोडणी तुटते. सुटलेलं ॲसिटिक आम्ल म्हणजेच सिरक्याचा वास. मागे उरतं ते सॅलिसिलिक आम्ल, आणि त्या चमकत्या सुया त्याच्याच. ते पोटाला झोंबतं, पण रक्तातल्या गुठळ्या रोखायचं ॲस्पिरिनचं खास काम त्याला जमत नाही. काकाजी रोज गोळी घेत होते आणि तरी पूर्ण डोस पोटात जात नव्हता.

काकू घाबरून म्हणाल्या, "मंग आता बंदच करू का?" नाही! स्टेंटवाल्यानं ही गोळी मनानं बंद करणं हे खराब गोळीइतकंच धोक्याचं. डबीतल्या टाकल्या, त्याच रात्रीपासून नवीन पट्टी सुरू केली आणि डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं.

गोळी बाजारात येण्याआधी तिची एक चाचणी होते. ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून ती टिकते का ते बघतात. आपल्या टिनाच्या घरातल्या दुपारीसारखंच झालं की हे. पण ही चाचणी पॅकिंगसकट होते. पट्टीवरची एक्स्पायरी ही पट्टीतल्या गोळीची तारीख असते. सोलून डबीत टाकलेल्या गोळीला ती लागू नाही. म्हणून दोन-चार तापलेल्या दुपारींनी पट्टीतली गोळी सहसा बिघडत नाही, आणि उघडी गोळी गार फळीवरही बिघडते.

इथं आम्हा दुकानदारांचीही चूक आहे, माझीसुद्धा. गिऱ्हाईक चार गोळ्या मागतं, आम्ही कात्री चालवतो. कात्री गोळीच्या खोबणीजवळून गेली की कप्प्याला फट पडते. शिवाय तारीख दुसऱ्याच तुकड्यावर राहते. आता मी कापताना कडेला अंतर सोडतो आणि तारखेचा भाग कोणाकडे गेला ते पाकिटावर लिहून देतो. घाईत विसरतोही.

दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेली पट्टी मुद्दाम तशी केलेली असते. जंतुसंसर्गावरची अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिडची गोळी त्यातलीच. यातल्या क्लॅव्हुलॅनिक ॲसिडला ओल अजिबात सोसत नाही. पांढऱ्या गोळीवर पिवळे-तपकिरी डाग दिसले की ती घ्यायची नाही.

याच औषधाचं लहान मुलांचं सिरप तर आमच्याकडे दर पावसाळ्यात घोळ घालतं. बाटलीत कोरडी पावडर असते, उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालून घरी हलवायचं. पाणी पडलं की फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं आणि सात दिवसांत संपवायचं. पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीतल्या आईकडे फ्रिज कुठून येणार? गेल्या जुलैत एक बाई बाटली घेऊन आली. पांढुरकं असायचं ते गुळाच्या पाकासारखं झालं होतं. तिनं बिचारीनं माठाला टेकवून ठेवलं होतं. पण माठ २ ते ८ अंशांपर्यंत जात नाही, आणि पावसाळ्यात तर तो गारही होत नाही. दोष तिचा नाही. लिहून देणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं, "घरी फ्रिज आहे काय?" एवढं विचारायला हवं होतं. नसेल तर त्याच औषधाची पाण्यात विरघळणारी गोळी मिळते, डॉक्टरांना विचारून ती देता येते.

तयार सिरपचं वेगळं. झाकणाभोवती साखरेचे खडे जमले तर घाबरू नका, बाटलीचं तोंड पुसा. पण आंबूस वास आला, झाकण उघडताना फस्स करून हवा सुटली, वर तरंगणारी बुरशी दिसली, किंवा खूप हलवूनही तळाचा गाळ मिसळला नाही, तर ते द्यायचं नाही. गाळ न मिसळलेल्या बाटलीत वरचे चमचे फिके आणि शेवटचे जालीम होतात.

काही औषधं मात्र काहीच सांगत नाहीत. थायरॉईडच्या गोळ्यांची शंभरची बाटली घ्या. ओल आणि उष्णतेनं तिचा जोर कमी होतो, पण रंग तोच, वास तोच. डोस न बदलता रक्ततपासणीत टीएसएच वाढला तर बाटली कुठं ठेवता हेही डॉक्टरांना सांगा. बाटलीतली सिलिकाची पुडी काढू नका. वर कापूस असेल तर तो मात्र पहिल्याच दिवशी काढून टाका, तो ओल धरून ठेवतो.

मग ठेवायचं कुठं? पट्टीसकट, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, मधल्या खोलीतल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात. माळ्यावर नको, चुलीवरच्या फळीवर नको, मोटरसायकलच्या डिकीत तर नकोच. मातीच्या भिंतीतला कोनाडा उन्हाळ्यात उत्तम, पण मृग लागला की भिंत ओल धरते, तेव्हा डबा तिथून हलवा. गोळ्या फ्रिजमध्येही नको, लेबलवर लिहिलं असेल तरच. बाहेर काढली की थंड बाटलीवर दव जमतं, आणि लाइट आमच्याकडे जाते-येते ते वेगळंच.

काकाजींच्या हातांचा प्रश्न उरलाच होता. आता काकू रोज सकाळी चहाआधी पट्टीतून एकच गोळी काढून वाटीत ठेवतात. डबी त्यांनी लवंगांना दिली आहे, आणि काकाजी म्हणतात की लवंगांनाही सिरक्याचा वास येते.