पावणेनऊचा सूर्य

"आत्या, तू तिकडे स्टॉकहोममध्ये राहून रोज दिवा लावतेस, सूर्याला पाणी देतेस, आजीला फोनवर नमस्कार करतेस. आमच्या शाळेत हे सगळं सकाळच्या परिपाठात सक्तीचं करायचं म्हणतायत. पालकांच्या ग्रुपवर नुसती भांडणं! तुला खरंच शांत वाटतं, की सवयच आहे ती?" पुण्याहून भाचीचा निरोप.

डिसेंबरमध्ये विचारलंस तर उत्तर वेगळं येईल, जूनमध्ये वेगळं. इथे २१ डिसेंबरला सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी तीन वाजायच्या आत मावळतो. जूनमध्ये पहाटे साडेतीनलाच हजर. मी मात्र बाराही महिने साडेसहालाच उठते, कारण कामाची वेळ सूर्य ठरवत नाही.

आधी दिवा. निरांजनात फुलवात, घरचं तूप. ते तूप जमायला मला तीन वर्षं लागली. इथलं साधं लोणी बहुधा खारवलेलं असतं, आणि ते पुरतं कढवलं नाही की पाण्याचा अंश राहतो. मग वात तडतडते, एक ठिणगी उडते आणि दिवा जातो. मला तो अपशकुन वाटायचा. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, बेरी तांबूस झाली नाही अजून. आणि बिनमिठाचं आण." आता वाती आधीच पातळ तुपात बुडवून, टोक वर काढून थिजवून ठेवते. सकाळी एक उचलायची, निरांजनात ठेवायची, काडी ओढायची. जेमतेम वीस मिनिटं जळते. तेवढ्या वेळात मी फोन हातात घेत नाही. चहासुद्धा नंतर.

पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या आजींनी खिडकीतून ती ज्योत पाहिली आणि संध्याकाळी दार वाजवून हळूच विचारलं, तुमच्याकडे कुणी गेलं का? इथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला लोक थडग्यांवर मेणबत्त्या लावतात, त्यावरून त्यांनी तसा अर्थ लावला. नाही म्हटल्यावर त्यांना जरा ओशाळल्यासारखं झालं. तेव्हापासून १३ डिसेंबरला, लुसिया या इथल्या उजेडाच्या सणाला, त्या केशराचे बन आणून देतात.

मग आई. हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढे, म्हणजे माझे सात तिचे साडेअकरा. ती कुकर लावत असते. मी कॅमेऱ्यासमोर हात जोडते, ती फोन भाजीच्या टोपलीला टेकवून म्हणते, "सुखी राहा. मुलगी उठली का?" बस, एवढंच. पण एखाद्या दिवशी फोन उचलला गेला नाही तर माझं दुपारपर्यंत कामात लक्ष लागत नाही. शांतीच्या हिशोबात हे कुठे धरायचं, तू ठरव.

मुलांना सक्तीने पाया पडायला लावू नका म्हणून तुझ्या ग्रुपवर जी बाई रागावली आहे, तिचं मला पटतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी सकाळी अकरा जणांच्या पाया पडले, त्यात माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असलेला, केवळ नात्याने मोठा एक दीरही होता. कंबर मोडली, शांती बिंती काही आली नाही. माझी मुलगी इथे जन्मली, शिक्षकांना आणि डॉक्टरांनाही एकेरी हाक मारते, कारण १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून या देशाने 'अहो-जाहो' जवळपास मोडीतच काढलं. ती वाकत नाही. आजी फोनवर दिसली की स्क्रीनवर कपाळ टेकवते. हे तिनेच काढलेलं. कुणी शिकवलं असतं तर तिने केलं नसतं, एवढी मी तिला ओळखते.

आता सूर्य. खरी अडचण तिथेच झाली. पहिल्या डिसेंबरमध्ये मी अंधारात बाल्कनीत तांब्या घेऊन उभी राहायचे, पूर्वेकडे तोंड करून. सूर्य नव्हताच. सांडलेलं पाणी गोठलं, दुसऱ्या दिवशी मी घसरले आणि मनगट सुजलं. जानेवारीत तर सकाळी उठणंच नको झालं, विनाकारण रडू यायचं. दिवा रोज लावत होते, पण काही उपयोग नव्हता. डॉक्टर म्हणाली, दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाहेर चाल, अर्धा तास, ढग असले तरी. ज्योतीपासून एक मीटरवर बसलं तर साधारण एक लक्स प्रकाश मिळतो, खोलीतल्या दिव्यांचा काहीशे आणि ढगाळ दुपारीही बाहेर हजारांच्या घरात. शरीराचं घड्याळ लावणाऱ्या पेशी डोळ्यांत असतात आणि त्यांना हवा असतो तो हा बाहेरचा उजेड.

आपल्या मेव्हण्यांनी ग्रुपवर टाकलंय की तांब्याच्या धारेतून किरण डोळ्यांत गेले की दृष्टी सुधारते. अर्धं बरोबर आहे. सकाळचा उजेड लागतो, पण दृष्टीसाठी नाही, शरीराच्या घड्याळासाठी, आणि तो आकाशाचा पुरतो. सूर्याकडे टक लावायचं काम नाही. दृष्टिपटल भाजलं तरी दुखत नाही, म्हणून कळतही नाही. धार खाली कुंडीत पडताना बघावी.

मी अर्घ्य दुपारी नेलं तेव्हा आई नाराज झाली. "बारा वाजता कसलं गं अर्घ्य?" तिने वाईला भिक्षुकी करणाऱ्या काकांना विचारलं. ते म्हणाले, माध्यान्ह संध्येतही अर्घ्य आहेच, आणि वेळ टळली तर प्रायश्चित्त म्हणून एक जादा द्यायचं. म्हणजे उशीर होणार हे धरूनच विधी बांधलाय! मला फार बरं वाटलं. बायकांना ही संध्या शिकवत नव्हते, तो भाग काका गाळून गेले. मीही भांडले नाही, मुद्दा वेगळा होता. आता हिवाळ्यात दुपारी पाण्याची बाटली घेऊन तळ्याकाठी चालते, डिसेंबरच्या अखेरीस सूर्य क्षितिजापासून जेमतेम सात अंश वर असतो. मित्र, रवी, सूर्य, भानू म्हणत थोडं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतते. बारा नावं पूर्ण होईपर्यंत बोटं बधिर होतात.

तर शांत वाटतं का? एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत हो, बऱ्याचदा. हिवाळ्यात शांत म्हणवत नाही, फक्त दिवसाला सुरुवात असते. दिव्यामुळे की वीस मिनिटं फोन नसल्यामुळे, ते मला वेगळं करता आलेलं नाही. सवयच असेल. पण ती मी स्वतः तीन वेळा मोडून पुन्हा बांधली आहे.

शाळेत सक्ती नकोच. आपल्याच साताऱ्यात औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले होते. आजोबा तिथेच शिकले आणि "शाळेत इतके घातले की नंतर घरी एकही घातला नाही" असं हसत सांगायचे. त्यांची पाठ मात्र शेवटपर्यंत ताठ होती, हेही खरं. तेव्हा पालकसभेत मी काय म्हणते ते सांगत बसू नकोस. एवढंच विचार की परिपाठ मैदानावर होतो की सभागृहात, पडदे लावून, ट्यूबलाइटखाली. आणि दिवा खरा लावणार असाल तर तूप कोण कढवणार.