मुक्काम बाड वार्धाम

माझ्या नव्या इंटरनेटचा राउटर गेल्या मंगळवारी माझ्या दारापर्यंत येऊन परत गेला. जर्मनीत इमारतींना फ्लॅट नंबर नसतात. पत्रपेटीवर आणि घंटीच्या बटणाशेजारी जे आडनाव लिहिलेले असते, तोच आपला पत्ता. माझ्या पेटीवर ‘Patwardhan’ असे आहे आणि पार्सल ‘Bad Wardham’ नावाच्या गृहस्थांसाठी होते. असे कोणी येथे राहत नाही, अशी प्रामाणिक नोंद करून पोस्टाच्या माणसाने ते परत पाठवले.

चूक कोठे झाली हे मला तत्काळ कळले. करार फोनवर झाला होता, आणि मी माझे आडनाव जर्मन अक्षरोच्चारांत, पण केवळ अक्षरोच्चारांत, सांगितले होते: पे, आ, ते, वे, आ, एर, दे, हा, आ, एन. दहापैकी चार अक्षरे ‘ए’कारान्त आणि एकमेकांची सख्खी भावंडे. त्यातून आपला मराठी ‘प’ हा कोरडा. जर्मन माणूस ‘पे’ म्हणतो तेव्हा समोरची मेणबत्ती विझावी इतका वारा सोडतो; ऐकायला तो ‘प’ आणि ‘फ’ यांच्या मधला कोठला तरी वाटतो (हा ‘फ’ फळातला, फोनमधला नव्हे). आपल्या वाराविरहित ‘पे’ला त्याचा कान बिनदिक्कत ‘बे’ समजतो, आणि त्याच न्यायाने ‘ते’ला ‘दे’. ‘एन’ आणि ‘एम’ यांतला फरक मुख्यतः ओठांनी कळतो, आणि ओठ फोनवर दिसत नाहीत. दहा अक्षरांत तीन चुका. त्यात सुरुवातीला ‘बाड’ आल्यामुळे कंपनीतल्या बाईंनी ते तोडून लिहिले, कारण गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावांची नावे इकडे ‘बाड’ने सुरू होतात. पटवर्धनांचे एक औषधी स्नानक्षेत्र झाले.

खरे तर माझे तेवढ्यावर भागले म्हणायचे. येथे ‘जे’ अक्षराला ‘योट’ म्हणतात, त्यामुळे माझे एक जोशी मित्र बारा वर्षे योशी म्हणून वावरत आहेत. ‘व्ही’ला ‘फाउ’ म्हणतात, हे ठाऊक नसलेल्या एका वैद्यांनी आपले पहिले अक्षर ‘वी’ असे सांगितले आणि डब्ल्यूने सुरू होणारे ग्रंथालयाचे कार्ड मिळवले. त्यांनी ते बदलून घेतले नाही. वैद्य समजूतदार आहेत, मी नाही.

म्हणून शुक्रवारी, न्युर्नबेर्गच्या मुख्य स्थानकाबाहेर ट्रामची वाट पाहत असताना, मी कंपनीला पुन्हा फोन लावला आणि या वेळी शब्दांसकट सांगू लागलो. येथे प्रत्येक अक्षराला एक ठरलेला शब्द आहे आणि जुन्या पिढीला तो श्लोकासारखा पाठ असतो. “पाउलातला पे,” मी म्हणालो, “आन्टोनमधला आ, टेओडोरमधला ते, विल्हेल्ममधला वे...” दोरा आणि हाइनरिश यांना ओलांडून मी शेवटच्या अक्षराला पोहोचलो: “नॉर्डपोलमधला एन.”

“हे आपण म्हणू नये,” बाकावर शेजारी बसलेल्या आजीबाई म्हणाल्या.

त्यांच्या मांडीवर पालेभाजीची पिशवी होती आणि चेहऱ्यावर निवृत्त मुख्याध्यापिकेचे भाव होते. मी फोनवर हात ठेवला. “काय म्हणू नये?”

“नॉर्डपोल. तेथे पूर्वी नाथान होता. 1934 साली नाझींनी तक्त्यातली ज्यू नावे काढून टाकली. दावीदचा दोरा केला, साम्युएलचा झीगफ्रीड, त्साखारियासचा त्सेपेलिन आणि नाथानचा उत्तर ध्रुव. युद्धानंतर साम्युएल आणि त्साखारियास परत आले. नाथान आला नाही, दावीदही नाही. आपण उच्चारलेल्यापैकी दोन शब्द त्या काळातले आहेत.”

मी खजील झालो. ‘दोरा’ हे माझे त्या तक्त्यातले सर्वांत आवडते नाव होते; निदान ते मराठी तरी वाटे. मी कोणते नाव कोणाच्या जागी बसून घेतो आहे, हे इतकी वर्षे मला कोणी सांगितले नव्हते.

“मग काय म्हणू?”

“शहरे. 2022 पासून डीआयएन 5009 या मानकात शहरांची नावे आहेत. कार्यालयीन कामासाठी तीच वापरावीत. पॉट्सडाम, आखेन, ट्यूबिंगेन. म्हणा.”

फोनवरच्या बाई “हॅलो? हॅलो?” करत होत्या. मी पुन्हा सुरुवात केली. पॉट्सडाम, आखेन, ट्यूबिंगेन, वुपर्टाल, पुन्हा आखेन, रोस्टोक, ड्युसेलडोर्फ, हाम्बुर्ग, तिसऱ्यांदा आखेन. आजीबाई प्रत्येक शहराला संथपणे मान डोलावत होत्या. अखेरीस मी विजयी स्वरात म्हणालो, “आणि न्युर्नबेर्ग.”

“शहर माझ्याकडे आहे,” बाई म्हणाल्या. “न्युर्नबेर्गच. मला आडनावाचे शेवटचे अक्षर हवे आहे.”

“तेच सांगतो आहे. न्युर्नबेर्ग.”

“पत्ता बरोबर आहे, हेर वार्धाम. अक्षर सांगा.”

“न्युर्नबेर्गमधला एन!”

“न्युर्नबेर्गमध्ये एन दोन आहेत,” असे म्हणून त्या थांबल्या. ही त्यांची थट्टा होती की खरी अडचण, हे मला अजून कळलेले नाही. त्यातच ट्राम आली, तिची घंटा वाजली, आणि मी “एन, एन” असे ओरडू लागलो. पलीकडून “एम?” असा शांत प्रश्न आला.

तेव्हा आजीबाईंनी पिशवी बाकावर ठेवली, माझ्या हातातला फोन स्वतःच्या तोंडाजवळ ओढला, आणि अख्ख्या थांब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “नॉर्डपोल!”

“अच्छा, नॉर्डपोल,” फोनवरच्या बाई सुटकेच्या स्वरात म्हणाल्या. “हे आधीच सांगायचे होते.”

आजीबाईंनी माझ्याकडे न पाहता फोन परत दिला आणि त्या ट्राममध्ये चढल्या. त्यांच्यावर हसावे, असे मला त्या क्षणी वाटले होते. आता वाटत नाही. नाथानला हाकलून सुमारे नव्वद वर्षे झाली आणि ज्या बाईंना तो इतिहास सनावळीसह पाठ आहे, त्यांच्याही जिभेवर घाईच्या वेळी उत्तर ध्रुवच येतो. शिवाय नाथानच्या रिकाम्या जागेवर शेवटी बसवले कोणते शहर, तर ज्याच्या नावाने 1935 चे वंशविषयक कायदे ओळखले जातात ते. याच शहरात पुढे त्या राजवटीच्या पुढाऱ्यांवर खटलेही चालले, तेव्हा निवड करणाऱ्यांच्या मनात काही हिशेब असेलही. माझी तक्रार इतकीच की त्या शहरात राहणाऱ्या आणि नावाच्या शेवटी ‘न’ असणाऱ्या माणसाचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

अक्षरे दहाही बरोबर उतरली. त्यानंतर बाईंनी सांगितले की कराराच्या अर्जदाराचे नाव फोनवर बदलता येत नाही. त्यासाठी ओळखपत्राच्या प्रतीसह लेखी विनंती करावी लागते, आणि ती अर्थातच हेर बाड वार्धाम यांच्या सहीने यायला हवी. मग हे सगळे स्पेलिंग आपण का ऐकून घेतलेत, असे मी विचारले. “आपण सांगत होता म्हणून,” त्या म्हणाल्या.

शनिवारी सकाळी मी पत्रपेटीवर माझ्या नावाखाली दुसरी चिठ्ठी चिकटवली. बुधवारी राउटर आला आणि उत्तम चालतो आहे. काल जिन्यात खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी मला थांबवून, तुमच्याकडे राहायला आलेले नवे गृहस्थ किती दिवस असणार आहेत, असे जरा नाराजीनेच विचारले. करार चोवीस महिन्यांचा आहे, असे मी त्यांना सांगितले.