पैज एक, देव अनेक

फ्रेंच गणितज्ञ पास्कलची देवावरची पैज मांडताना विचारलं जातं, "देव असण्याची शक्यता एक टक्का धरली तरी बक्षीस अनंत आहे, मग श्रद्धाच फायद्याची नाही का?"

हाच हिशेब दुसऱ्या देवालाही लागू पडतो. समजा, अ आणि ब हे दोन्ही देव फक्त आपापल्या भक्तांना स्वर्ग देतात. अ असण्याची शक्यता दहात एक, ब असण्याची हजारात एक. शून्य सोडून कुठल्याही शक्यतेने अनंताला गुणलं तरी उत्तर अनंतच, म्हणजे दोघे बरोबरीत! एखादा इमामही असाच युक्तिवाद करू शकेल, हे फ्रेंच विचारवंत दिदरोने अठराव्या शतकातच सुनावलं होतं. 'ज्याची शक्यता जास्त तो निवडा' हा तोडगा मला पटतो, पण तो पास्कलच्या गणितातून निघत नाही, वेगळा नियम म्हणून आणावा लागतो. शिवाय शक्यता कुणाची जास्त, हे पुराव्यानेच ठरणार, आणि पास्कलला तर पुराव्याचा वाद बाजूला ठेवूनच पैज लावायची होती.